‘सुधारणा आवश्यक’चा रकाना

प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदींचे तीन रकाने असतात. विशेष प्रगती, आवड व छंद, आणि सुधारणा आवश्यक. पहिले दोन भरताना शिक्षकांच्या खोलीत गप्पा चालू असतात. तिसऱ्यापाशी आलं की गप्पा थांबतात आणि कुणीतरी म्हणतं, “ग्रुपवर नोंदींची पीडीएफ आली होती ना, पुन्हा टाक की जरा.”

ती पीडीएफ महाराष्ट्रातल्या बहुतेक प्राथमिक शिक्षकांच्या मोबाईलमध्ये असते. विषयवार, इयत्तावार तयार वाक्यं. ‘अवांतर वाचन करावे.’ ‘गणितातील मूलभूत क्रियांचा सराव आवश्यक.’ ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.’ ‘नियमित उपस्थित राहावे.’ मी तिची टिंगल करणार नाही. वर्गात पस्तीस मुलं आणि सात विषय धरले, प्रत्येक विषयाला एकच नोंद धरली, तरी एका सत्राला 245 ओळी होतात. शिवाय पेपर तपासणी, गुणतक्ते, ऑनलाइन माहिती आणि दिवाळीच्या सुट्टीआधी सगळं पूर्ण हवं. ज्या मुलांचं बरं चाललंय त्यांच्यासाठी मी तयार ओळी बिनदिक्कत वापरते. चांगलं वाचणाऱ्या मुलीच्या नोंदीत ‘अवांतर वाचन करावे’ असं लिहिलं तर तिचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते पाचसहा मुलांचं. जी मागे आहेत, ज्यांच्या घरी हे कागद जाणार आहेत आणि ज्यांच्या पालकांना शाळेतून वर्षभरात लेखी असं एवढंच काही मिळणार आहे. वाचवलेला सगळा वेळ या पाचसहांवर घालवावा, असं माझं मत झालं आहे. हा लेख त्यातल्या एकाच्या एका नोंदीबद्दल आहे. त्याला इथे रोहन म्हणते, खरं नाव वेगळं. इयत्ता चौथी, विषय मराठी, पहिलं सत्र.

आधी श्रेणीबद्दल सांगायला हवं, कारण नोंदीचं काम तिथून सुरू होतं. 20 ऑगस्ट 2010च्या शासन निर्णयाने आपल्याकडे पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. तिसरी-चौथीला 100 गुणांपैकी 60 आकारिक आणि 40 संकलित. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, छोट्या चाचण्या. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. त्या 40 मध्येही 10 तोंडीचे आणि 30 लेखीचे.

आता रोहनचे मराठीचे गुण बघा. आकारिकमध्ये 60 पैकी 34. तो बोलका आहे, नाट्यीकरणात पुढे असतो, पानांचा संग्रह करून आणा म्हटलं की सगळ्यांत आधी आणतो. संकलित तोंडीत 10 पैकी 7. लेखीत 30 पैकी 6. बेरीज 47. श्रेणी क-2.

आता हेच घरून बघा. क-2 म्हणजे 41 ते 50. खाली ड आहे, त्याखाली ई-1 आणि ई-2. म्हणजे मुलगा तळाला नाही, मधल्याच्या जरा खाली आहे, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात चौथीतला हा मुलगा त्याच्या पुस्तकातलं एक पान स्वतः वाचू शकत नाही. श्रेणी खोटी नाही. गुण ज्या कामाचे आहेत ते काम त्याने केलं आहे, आणि तोंडी काम, प्रकल्प यांना वजन द्यायचा हेतूही मला पटतो. याच मुलाला जुन्या पद्धतीत फक्त 30 पैकी 6 दिसले असते आणि तो ‘ढ’ ठरला असता. पण पाच वेगवेगळी कौशल्यं एका अक्षरात बांधली की त्यांतलं कोणतं गळतंय हे अक्षर सांगू शकत नाही. ते सांगायची जागा एकच उरते, तिसरा रकाना. आणि तिथे आपण लिहितो, ‘वाचन सराव आवश्यक.’

नोंद लिहिण्याआधी रोहनला शेजारी बसवून वाचायला लावलं. यासाठी फार काही लागत नाही. त्याने आधी न पाहिलेला, तिसरीच्या पातळीचा एक उतारा, मोबाईलवरचं घड्याळ आणि त्याच उताऱ्याची एक प्रत माझ्या हातात, ज्यावर खुणा करायच्या. उतारा नवा हवा हे महत्त्वाचं. वर्गात झालेला धडा पुष्कळ मुलं पाठ म्हणतात, बोट ओळीवरून फिरतं आणि तोंडातून वाक्यं बरोबर येतात, पण बोट आणि वाक्य यांची गाठ पडत नाही. मी मधलाच एखादा शब्द दाखवून “हा कोणता?” विचारते, तेव्हा ते उघडं पडतं.

एका मिनिटात रोहनने 28 शब्द बरोबर वाचले. जूनमध्ये याच पद्धतीने घेतलं होतं तेव्हा 11 होते. निपुण भारत अभियानाचं तिसरीअखेरचं अपेक्षित लक्ष्य मिनिटाला किमान 60 शब्द, तेही समजून, असं आहे. म्हणजे वेग अडीचपट झालाय आणि तरीही तो तिसरीच्या अपेक्षेच्या निम्म्यावर आहे. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. नोंदीची सगळी अडचण इथेच आहे.

खुणा केलेली प्रत वेगापेक्षा जास्त सांगते. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांत तो आता चुकत नाही. ‘पाऊस’, ‘डोंगर’, ‘चिमणी’ सरळ जातात. ‘गोष्ट’, ‘शब्द’, ‘पुस्तक’ असे रोज डोळ्यांसमोरचे शब्द तो चित्रासारखे ओळखतो, तिथेही अडत नाही. अडतो तो अनोळखी जोडाक्षरावर, आणि त्यातही ‘र’ जोडलेला असला की फारच. आपल्या लिपीत हा ‘र’ चार वेगळ्या वेषांत येतो: ‘सूर्य’मध्ये डोक्यावर चढतो, ‘प्रकाश’मध्ये पोटात तिरपा होतो, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी टोपी घालून बसतो आणि ‘दुसऱ्या’मध्ये पुढच्या अक्षराला आडवा चिकटतो. रोहन ‘सूर्य’चा ‘सूय’ करतो, ‘प्रकाश’चा ‘पकाश’. प्रत्येक अशा शब्दापाशी तीनचार सेकंद जातात आणि वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते.

मग दुसरा तेवढाच उतारा मी त्याला वाचून दाखवला आणि पाच प्रश्न विचारले. चारांची उत्तरं बरोबर आली. पाचव्याचं उत्तर उताऱ्यात नव्हतं, पण माझ्या उत्तरापेक्षा चांगलं होतं. त्यामुळे ‘आकलन कमी आहे’ हे वाक्य लिहायचा मला अधिकार राहिला नाही. 1986 साली गॉफ आणि टनमर या दोन संशोधकांनी वाचनाबद्दल एक साधी मांडणी केली होती: लिपी उलगडणं आणि ऐकून समजणं यांचा गुणाकार म्हणजे वाचून समजणं. गुणाकार असल्यामुळे दोन्हींतलं एक शून्याजवळ असेल तर उत्तरही शून्याजवळ. रोहनचं दुसरं पद भक्कम आहे, पहिलं कच्चं आहे. या दोहोंतला फरक न करता लिहिलेली नोंद त्याच्या पुढच्या शिक्षकाला चुकीच्या दिशेला पाठवेल.

एवढं हाताशी आल्यावर नोंद लिहायला घेतली. पहिला मसुदा हाताच्या सवयीने आला: ‘वाचन अपेक्षेपेक्षा कमी. अभ्यासाकडे लक्ष द्यावे.’

हा शेरा कडक आहे, म्हणून तो प्रामाणिक असं आपण धरून चालतो. तपासून बघू. पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्यात एक कारण गृहीत धरलंय: तो लक्ष देत नाही. मी हे पाहिलंय का? मी पाहिलंय ते उलट. वाचनाच्या तासाला तो कपाळाला आठ्या घालून ओळीवर बोट ठेवून बसतो. म्हणजे कडक वाक्य खोटं निघालं. ‘आळस करतो’, ‘घरी अभ्यास होत नाही’, ‘मनावर घेत नाही’ या सगळ्या ओळी अशाच असतात. जे दिसलं ते त्यांत नसतं, जे न पाहता ठरवलं ते असतं. घरी अभ्यास होतो की नाही हे मला वर्गात बसून कसं कळणार? कडकपणा आणि खरेपणा यांचं नातं आपण समजतो तेवढं जवळचं नाही.

दुसरा मसुदा दुसऱ्या टोकाचा: ‘रोहन उत्साही व बोलका विद्यार्थी असून गोष्टींची त्याला विशेष आवड आहे. वाचनात चांगली प्रगती होत आहे.’

यातला शब्द न् शब्द खरा आहे. 11 वरून 28 ही चांगली प्रगतीच आहे. मात्र हे वाचून त्याच्या आईच्या मनात जे चित्र उभं राहील ते खरं नसेल. तिला वाटेल, चाललंय बरं. आणि आता या गैरसमजाला एक तारीख आहे. शिक्षण हक्क कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली, आणि आपल्या राज्यात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. अनुत्तीर्ण झाल्यास जादा मार्गदर्शन, दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा, आणि तीही न जमल्यास त्याच वर्गात थांबावं लागू शकतं. चौथीच्या दिवाळीत ‘चांगली प्रगती’ वाचलेल्या आईला पाचवीच्या मे महिन्यात फेरपरीक्षेचा निरोप मिळाला, तर ती विचारणारच की तुम्ही आधी का नाही सांगितलं. गोड शेरा लिहिणाऱ्याला त्या क्षणी बरं वाटतं, त्याची किंमत दुसरं कुणीतरी नंतर भरतं.

‘प्रगतीस वाव आहे’ आणि ‘समाधानकारक’ या दोन शब्दप्रयोगांचा इथे स्वतंत्र उल्लेख करते. शिक्षकांच्या खोलीत त्यांचा अर्थ सगळ्यांना कळतो, आणि तो चांगला नसतो. घरी तो कळत नाही. खोलीबाहेर ज्याचा अर्थ उलटा होतो ते वाक्य पालकांच्या कागदावर नको.

तिसरा मसुदा मी तपासणीच्या कागदावरून लिहिला. ‘श्रवण केलेल्या कथेचे आकलन उत्तम. प्रकट वाचनाचा वेग प्रतिमिनिट 11 वरून 28 शब्दांपर्यंत वाढला असून इयत्तेच्या तुलनेत अद्याप अपुरा आहे. जोडाक्षरयुक्त शब्दांच्या वाचनात सातत्यपूर्ण सरावाची आवश्यकता.’

माहिती पूर्ण आहे, पुरावा आहे, कुणावर आरोप नाही. मला बरं वाटलं. मग एक गोष्ट लक्षात आली आणि हसूच आलं. रोहनच्या घरी प्रगतिपुस्तक वाचणार कोण? आई शिवणकामाच्या कारखान्यात जाते, वाचता येतं पण सवय सुटलेली. वडील बाहेरगावी. आजीला अक्षरओळख नाही. संध्याकाळी आजी म्हणणार, “काय लिवलंय बाईंनी, वाच बघू,” आणि वाचणार तो स्वतः. ज्याला जोडाक्षर वाचता येत नाही त्याला मी ‘श्रवण’, ‘प्रकट’, ‘प्रतिमिनिट’, ‘अद्याप’, ‘सातत्यपूर्ण’ आणि ‘आवश्यकता’ असे शब्द देत होते. ‘श्रवण’ आणि ‘प्रकट’मध्ये तर त्याचा वैरी ‘र’ बसलेला. स्वतःबद्दलचं चांगलं वाक्यही त्याला वाचता आलं नसतं. अडखळण्याचा प्रयोग आजीसमोर झाला असता आणि शेऱ्याचा खरा अर्थ घरात तोच ठरला असता.

मागे पडलेल्या मुलांच्या नोंदींची भाषा आपण सर्वांत जड ठेवतो. ती मुद्दाम होत नाही. वाईट बातमी द्यायची असते, आणि संस्कृत शब्दांच्या मागे उभं राहिलं की ती आपण देतोय असं वाटत नाही.

चौथा मसुदा असा झाला:

‘ऐकलेली गोष्ट छान समजते, सगळी नीट सांगतो. जूनमध्ये मिनिटाला 11 शब्द वाचत होता, आता 28 वाचतो. चौथीचे पुस्तक वाचायला 60 तरी हवेत. जोडाक्षर आले की अडतो, र जोडलेला असला की जास्त. शाळेत रोज सराव घेत आहोत. घरी रोज दहा मिनिटे तो मोठ्याने वाचेल, तेव्हा कोणीतरी जवळ बसून ऐकावे. अडला तर लगेच सांगू नये, थोडे थांबावे.’

जोडाक्षरं यातही आहेत. मराठीत ती टाळून चार वाक्यं लिहिता येत नाहीत, आणि टाळायचा हट्टही नको. पण बहुतेक त्याच्या ओळखीची आहेत. हे मी गृहीत धरलं नाही. मसुदा त्याच्याकडूनच वाचून घेतला. ‘मोठ्याने’पाशी थांबला, मग गेला पुढे. ‘60 तरी हवेत’ वाचून त्याने विचारलं, “बाई, साठ कधी होतील?” मी म्हटलं, “नक्की नाही सांगता यायचं. मार्चमध्ये पुन्हा मोजू.” तो म्हणाला, “तेव्हा पण हेच पान द्या.” मी म्हटलं, “हेच पान नाही, नवं देणार.” त्यावर त्याचा चेहरा पडला. हिशोब त्याला बरोबर कळला होता.

या नोंदीत प्रोत्साहन कुठे आहे, असं एका सहकाऱ्याने विचारलं. ‘हुशार’, ‘गुणी’, ‘होतकरू’ काहीच नाही. माझ्या मते ते आकड्यात आहे. 11 आणि 28 शेजारी शेजारी ठेवले की कौतुकाचं विशेषण लागत नाही, आणि मुलाला ते खोटं वाटायचा धोकाही राहत नाही. मागे असलेल्या मुलांना आपण मागे आहोत हे पक्कं माहीत असतं. त्यांना ‘हुशार आहेस’ म्हटलं की ती आपल्या तोंडाकडे बघत राहतात. 60 चा आकडा गाळावा, असंही त्याच सहकाऱ्याचं म्हणणं होतं. तो गाळला असता तर नोंद पुन्हा दुसऱ्या मसुद्याजवळ गेली असती. आधी किती, आता किती आणि हवेत किती, हे तिन्ही आकडे एकत्र असले तरच मधला आकडा नीट वाचता येतो.

मुख्याध्यापकांची हरकत वेगळी होती. प्रगतिपुस्तक हा शासकीय दस्त आहे, भाषा प्रमाण हवी. ती मी मानली. मूळ मसुद्यात ‘मिनिटं’, ‘आलं की’ होतं, त्याचं वर दिलंय तसं ‘मिनिटे’, ‘आले की’ केलं. प्रमाण भाषा आणि अवघड भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मात्र मी त्यांना म्हटलं. रकाना दोन ओळींचा असतो ही दुसरी अडचण. त्यावर उपाय म्हणजे बारीक अक्षरात कोंबणं नव्हे. रकान्यात ‘28 शब्द/मिनिट (जूनमध्ये 11), जोडाक्षरे अडतात, सोबतची चिठ्ठी पाहावी’ एवढं लिहायचं आणि बाकीचं चिठ्ठीवर. चिठ्ठीची एक प्रत माझ्या वहीत.

घरी करायच्या कामाबद्दलचं वाक्य मी सगळ्यांत जास्त वेळ घासलं. ‘पालकांनी लक्ष द्यावे’ हे कामच नव्हे, तो ठपका आहे. ‘पालकांनी वाचन घ्यावे’ हेही इथे जमणारं नाही; आई आठला येते आणि दिवसभर आजी घरी. मग काय मागायचं? जे आजीला करता येईल ते. ऐकायला अक्षरओळख लागत नाही. शेजारी कोणी बसलं की मूल दहा मिनिटं वाचतं, एकटं असलं की दोन मिनिटांत पान उलटतं. आणि ‘लगेच सांगू नये’ हे यासाठी की घरातलं मोठं भावंड किंवा आई अडल्या अडल्या शब्द पुरवतात, मग मूल शब्द उलगडायच्या ऐवजी वाट बघायला शिकतं. शिकवणी लावा असं मी कधीच लिहीत नाही. ज्यांना परवडते त्यांनी आधीच लावलेली असते.

पालकसभेच्या दिवशी आई आली ती कामावरून अर्धी सुट्टी घेऊन. प्रगतिपुस्तक उघडल्या उघडल्या तिची नजर क-2 वर गेली आणि तिथेच थांबली.

“म्हणजे नापास का बाई?”

“नाही ताई, नापास नाही. पण वाचन मागे आहे. तेच बोलायला बसलोय आपण.”

“घरी तर सगळं घडाघडा सांगतो.”

“सांगतोच. ऐकलेलं त्याला छान समजतं. वाचताना अडतो. हे बघा, इथे.” मी खुणा केलेला उतारा पुढे ठेवला. तिने तो स्वतः वाचायचा प्रयत्न केला आणि ‘राष्ट्र’पाशी तीही थांबली. मग दोघी हसलो.

श्रेणी समोर असली की शेऱ्याकडे लक्ष जात नाही, हा फक्त आपल्याकडचा अनुभव नाही. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास 1988 साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना कामावर फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना गुण आणि शेरा दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचं काम आणि त्यातला रस टिकला. दोन्ही मिळालेल्यांचं फारसं भलं झालं नाही; गुण दिसले की शेऱ्याचं काम संपलं. प्रगतिपुस्तकात दोन्ही शेजारी छापणं आपल्या हातात नाही. म्हणून मी क्रम तेवढा बदलते. मुलाला नोंद आदल्या दिवशी वाचायला देते, श्रेणीशिवाय. पालकांशी आधी उताऱ्यावर बोलते, पुस्तक नंतर उघडते. रोहनच्या आईच्या बाबतीत पुस्तक आधी उघडलं गेलं, मग उलट्या दिशेने यावं लागलं. तेही जमतं, वेळ मात्र दुप्पट लागतो.

एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली नाही. जोडाक्षरांवर अडणं हा सरावाचा प्रश्न असू शकतो, नजरेचा असू शकतो, अध्ययन अक्षमतेचाही असू शकतो. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट आहे, आणि तिचं निदान झालं तर मुलाला सवलती आणि मदत मिळते. पण निदान करणारी मी नाही. प्रगतिपुस्तक शेजारी बघतात, मामा बघतो, शिकवणीच्या बाई बघतात. माझी शंका त्या कागदावर गेली की ती शंका राहत नाही, मुलाचं नाव बनते. म्हणून ते तोंडी बोलले. आधी डोळे तपासून घ्या, शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येईल तेव्हा मीही त्याला पुढे करते. मार्चपर्यंत रोजच्या सरावाने वेग वाढला नाही तर तालुक्याच्या विशेष शिक्षकांना दाखवू. हे लपवणं नव्हे, कारण आईला सगळं माहीत आहे. काय सांगायचं आणि काय लिहायचं यातली रेघ मी अशी आखली आहे: जे मी मोजलं ते लिहायचं, ज्याची मला शंका आहे ते सांगायचं.

रोहनची नोंद तशी सोपी होती, कारण त्याच्याकडे 28 होते. त्याच वर्गात एक मुलगी होती, जिचे जूनला 9 आणि ऑक्टोबरला 10 शब्द झाले. तिच्यासाठी काय लिहायचं? इथे हात आपोआप ‘शांत व आज्ञाधारक’कडे जातो. मागे पडलेल्या मुलींच्या प्रगतिपुस्तकांत हे दोन शब्द इतके सापडतात की मला आता ते वाचले तरी धोक्याची घंटा वाटते. त्रास देत नाही म्हणून नजरेतून सुटलेली मुलगी, असा त्याचा अर्थ असतो.

आधी लहान एकक शोधलं. शब्दांत फरक नसेल तर अक्षरांत असेल, म्हणून मुळाक्षरं आणि स्वरचिन्हं एकेक करून घेतली. मुळाक्षरं येत होती. काना आणि पहिली वेलांटी येत होती. एक मात्रा आणि दोन मात्रा, उकार पहिला आणि दुसरा, इथे गोंधळ होता, आणि जूनच्या नोंदीतही हाच होता. म्हणजे लहान एककातही सत्रभर काही हललं नव्हतं. नसलेली प्रगती शोधून काढायची नाही, असं ठरवलं आणि लिहिलं:

‘मुळाक्षरे व काना येतो. मात्रा आणि उकार अजून ओळखता येत नाहीत, त्यामुळे या सत्रात वाचन वाढले नाही. आतापर्यंतची शिकवण्याची पद्धत तिला लागू पडली नाही. दिवाळीनंतर रोज तिला वेगळे बसवून मात्रेपासून सुरुवात करणार आहे. दर महिन्याच्या शेवटी काय जमले ते कळवीन.’

‘पद्धत लागू पडली नाही’ या ओळीवर शिक्षकांच्या खोलीत बरीच चर्चा झाली. शाळेने स्वतःच्या हाताने असं लिहून द्यायचं का? उद्या पालक तेच पुढे करून भांडले तर? भीती अगदीच खोटी नाही. पण त्या जागी दुसरं काय खरं आहे? मुलगी रोज येत होती, बसत होती, सांगितलं ते करत होती. तिच्या बाजूला कमी काही दिसत नव्हतं. आणि ‘मुलीला येत नाही’ असं लिहिलं की पुढच्या सत्रात काय बदलायचं हे कुणालाच कळत नाही, तर ‘ही पद्धत चालली नाही’ असं लिहिलं की बदलायची वस्तू समोर येते. दर महिन्याला कळवीन हे वाक्य मी फार विचार करून घातलं, कारण ते पाळावं लागतं. न पाळलेलं आश्वासन असलेल्या नोंदीपेक्षा पीडीएफमधली ओळ परवडली.

मार्चमध्ये नवीन पानावर रोहनचे 46 शब्द झाले. ‘प्र’ आणि ‘त्र’ सुटले, रफार अजून अडतो. ‘सूर्य’ येतो कारण तो पाठ झाला, ‘कार्य’ येत नाही. दुसऱ्या सत्राच्या नोंदीत मी 11, 28 आणि 46 हे तिन्ही लिहिले, 60 पुन्हा लिहिला, आणि पाचवीच्या बाईंसाठी खाली एक ओळ: ‘रफार असलेले नवे शब्द देऊन पाहावे, पाठ झालेले देऊ नयेत.’ 1 मेला निकाल घ्यायला आजी आली होती. तिने पुस्तक न उघडता त्याच्याच हातात दिलं.